खोट्या राउटरची हाक, स्विचचा पहारा

संगणक नेटवर्कला जोडला की त्याला आधी दोन गोष्टी लागतात: स्वतःचा पत्ता, आणि बाहेरच्या जगाकडे नेणारा राउटर. जुन्या आयपीव्ही४ पद्धतीत या दोन्ही गोष्टी सहसा डीएचसीपी सर्व्हर देतो. नव्या आयपीव्ही६ मध्ये राउटर स्वतःच पुढे होऊन सांगतो. तो ठरावीक वेळाने एक छोटा संदेश सोडतो आणि तो त्या नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला ऐकू जातो. ‘मी राउटर आहे, पत्त्याची सुरुवात अशी ठेवा, माझा पुढचा अर्धा तास भरवसा धरा,’ असा त्याचा आशय असतो. या संदेशाला राउटर अ‍ॅडव्हर्टाइझमेंट म्हणतात. तंत्रज्ञ नुसते ‘आरए’ म्हणतात. ऐकणारे यंत्र ती सुरुवात घेते, पुढचे आकडे आपले आपण जोडते आणि पत्ता तयार होतो.

सोय मोठी आहे, पण ‘मी राउटर आहे’ असे कोणीही म्हणू शकतो. ऐकणाऱ्या यंत्राकडे ते पडताळण्याचे साधन नसते.

हा धोका सर्वाधिक दिसला तो कोणाच्या दुष्टाव्यातून नव्हे, तर अनवधानातून. २०१०च्या सुमारास विद्यापीठांमध्ये आणि परिषदांमध्ये हा प्रकार वारंवार घडत असे. त्या काळातल्या विंडोजमध्ये इंटरनेट जोडणी इतरांबरोबर वाटून घेण्याची सोय होती. ती सुरू राहिली की लॅपटॉप स्वतःला राउटर समजून आरए सोडू लागे. तो ज्या पत्त्याची जाहिरात करी, त्याची सुरुवात 2002 ने होई, कारण आयपीव्ही६ ची वाहतूक आयपीव्ही४ मधून नेणाऱ्या ‘सिक्स-टू-फोर’ या तात्पुरत्या पद्धतीचे पत्ते तसेच असतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, वसतिगृहाच्या एका मजल्यावर चाळीस संगणक एकाच स्विचला जोडलेले आहेत. खरा राउटर 2001:db8:10:20 अशी सुरुवात जाहीर करतो. सतराव्या पोर्टवरच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ती सोय चुकून चालू राहिली आहे आणि त्याचा आयपीव्ही४ पत्ता 192.0.2.10 आहे. तो लॅपटॉप 2002:c000:20a ही सुरुवात जाहीर करू लागतो, 192.0.2.10 हेच आकडे सोळाच्या पटीत लिहिले की c000:20a होतात. (हे सारे पत्ते नमुन्यासाठी राखून ठेवलेले आहेत.) काही क्षणांत उरलेल्या एकोणचाळीस संगणकांकडे दोन-दोन पत्ते आणि दोन-दोन राउटर होतात.

आता खरी गोम पाहा. संगणक पत्ता बरोबर निवडेलही, पण पाकीट कोणत्या राउटरच्या हाती द्यायचे हा निर्णय तो वेगळा घेतो. त्यामुळे खऱ्या पत्त्याचे पाकीटही खोट्या राउटरकडे जाऊ शकते आणि तिथेच गडप होते. शेजारचे यंत्र जिवंत आहे का, एवढे संगणक अधूनमधून तपासतो. लॅपटॉप त्याला ‘आहे’ म्हणून उत्तर देतो. त्याच्या पलीकडे वाट बंद आहे, हे या तपासणीत कळत नाही. म्हणूनच लॅपटॉप बंद केला की बिघाड आपोआप निवळतो आणि चालू केला की परत येतो.

वर आणखी एक आवरण चढते. आयपीव्ही६ ने जोडणी लवकर झाली नाही तर ब्राउझर पाव सेकंदाच्या आसपास थांबून आयपीव्ही४ चाही प्रयत्न सुरू करतो. ही युक्ती २०१२ पासून रूढ झाली. ती वापरणाऱ्याच्या भल्याचीच आहे, पण तिच्यामुळे ‘इंटरनेट बंद आहे’ अशी तक्रार येत नाही. ‘आज जरा अडकतंय’ अशी येते. शोधायचे असेल तर लिनक्सवर या दोन आज्ञा पुरतात:

```
ip -6 route show default
ip -6 neigh
```

पहिलीत अनपेक्षित दुसरा राउटर दिसला, तर दुसरीत त्याचा मॅक पत्ता सापडतो. तो स्विचच्या मॅक तक्त्यात शोधला की पोर्ट मिळतो, आणि पोर्टवरून खोली.

पण दरवेळी खोली शोधत फिरणे हा उपाय नव्हे. आरएवर डिजिटल सही करण्याची ‘सेंड’ नावाची पद्धत २००५ मध्येच प्रमाणित झाली होती. मात्र ती नेहमीच्या संगणकांमध्ये रुजलीच नाही. मग २०११ मध्ये ‘आरए गार्ड’ हा सोपा मार्ग लिहून ठेवला गेला. संदेशातला पत्ता खोटा लिहिता येतो, प्राधान्य खोटे सांगता येते, पण संदेश कोणत्या पोर्टमधून स्विचमध्ये शिरला हे लॅपटॉपवर बसून बदलता येत नाही. नेमका हाच पुरावा स्विच वापरतो. वापरणाऱ्यांच्या पोर्टवर आरए आला की तो तिथेच टाकून देतो. ज्या पोर्टला खरा राउटर आहे तिथूनच येऊ देतो. सिस्कोच्या स्विचवर हे असे लिहितात:

```
ipv6 nd raguard policy USERS
 device-role host
interface GigabitEthernet1/0/17
 ipv6 nd raguard attach-policy USERS
```

आपल्या उदाहरणात आता सतराव्या पोर्टवरचा लॅपटॉप कितीही आरए सोडो, तो संदेश उरलेल्या एकोणचाळीस संगणकांपर्यंत पोहोचत नाही. त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे इंटरनेट मात्र चालू राहते, कारण अडवला जातो तो फक्त एका प्रकारचा संदेश.

मुद्दाम हल्ला करणाऱ्याला या पहाऱ्यातून निसटण्याची एक वाट होती. आरएच्या पुढे जास्तीची शीर्षके लावायची आणि सगळ्याचे तुकडे करायचे, म्हणजे पहिल्या तुकड्यात आरए असल्याची खूणच येत नाही. साधा पहारा फसतो. तुकडे जोडणाऱ्या संगणकाला मात्र पूर्ण आरए मिळतो. यावर दोन बाजूंनी बंदोबस्त झाला. २०१३ च्या नियमाने असे तुकड्यांतले संदेश संगणकांनी स्वीकारूच नयेत असे ठरले, आणि २०१४ च्या मार्गदर्शनात, पहिल्या तुकड्यात सगळी शीर्षके नसतील तर असे संशयास्पद पाकीट स्विचने टाकून द्यावे असे सांगितले गेले. जुन्या स्विचमध्ये ही सुधारणा आहे का, हे तपासूनच घ्यावे लागते. वाय-फायवर आणखी एक अडचण आहे. एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवरच्या दोन यंत्रांमधला संदेश स्विचपर्यंत जाईलच असे नाही, म्हणून पहारा अ‍ॅक्सेस पॉइंटवरही हवा.

‘आमच्याकडे आयपीव्ही६ नाही’ म्हणून निर्धास्त राहणे सर्वांत धोक्याचे. आजच्या संगणकांत आणि फोनमध्ये ते चालूच असते, आणि खरा राउटर गप्प असला तर खोटा हाच एकमेव आवाज ठरतो. २०२५ च्या एप्रिलमध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने ‘स्पेलबाइंडर’ नावाच्या अशाच एका साधनाची माहिती दिली. नेटवर्कमधल्या एका यंत्रात शिरलेला हल्लेखोर त्यातून खोटे आरए सोडतो, इतरांची वाहतूक स्वतःकडे वळवतो आणि काही चिनी सॉफ्टवेअरच्या अपडेटऐवजी घातक फाइल पोहोचवतो. म्हणून आयपीव्ही६ न वापरणाऱ्या कार्यालयातही वापरणाऱ्यांच्या प्रत्येक पोर्टवर हा पहारा बसवायला हवा.

तो बसवताना एकाच गोष्टीचे भान ठेवायचे. हीच आज्ञा चुकून खऱ्या राउटरच्या पोर्टवर पडली, तर नव्याने जोडलेल्या यंत्राला आयपीव्ही६ मिळतच नाही. आधीपासून चालू असलेली यंत्रे मात्र जुन्या आरएच्या मुदतीवर, नेहमीच्या मांडणीत १८०० सेकंद, बिनबोभाट चालतात आणि मग अडतात. त्यामुळे बदल केल्यावर लगेच ‘सगळं ठीक आहे’ म्हणून निघून जाऊ नये. एखादा संगणक नव्याने जोडून बघावा आणि अर्धा तास उलटल्यावर जुन्या यंत्रांवरही राउटर दिसतो आहे ना, याची खात्री करून मगच काम संपले म्हणावे.