संगणकातील बिघडलेल्या डिस्कची पुनर्बांधणी : जुन्या डिस्कपासून उद्भवणारा धोका

कचेऱ्यांतील व शिक्षणसंस्थांतील संगणकीय नोंदी पुष्कळदा एकाच डिस्कवर न ठेवता अनेक डिस्कांच्या संचावर ठेवल्या जातात. या पद्धतीस ‘रेड’ असे म्हणतात. हे नाव अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ या संशोधकांच्या १९८८ च्या निबंधामुळे रूढ झाले. यातील ‘रेड ५’ या प्रकारात एक डिस्क निकामी झाली तरी तिच्यावरील मजकूर उरलेल्या डिस्कांवरून पुन्हा सिद्ध करता येतो. मात्र ही पुनर्बांधणी चुकीच्या डिस्कच्या आधारे झाल्यास मूळ बिघाडापेक्षा अधिक हानी होते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी तीन डिस्कांचा संच घेऊ. पहिल्या डिस्कवर ५ हा अंक आहे. संगणकाच्या द्विमान लिपीत तो १०१ असा लिहिला जातो. दुसरीवर ३, म्हणजे ०११ आहे. तिसरीवर या दोहोंची पडताळणी-संख्या असते. प्रत्येक स्थानी तिन्ही डिस्कांतील एकांची संख्या सम व्हावी, एवढाच तिचा नियम. त्यानुसार ती ११०, म्हणजे ६ येते. (प्रत्यक्षात पडताळणी-संख्या आळीपाळीने सर्व डिस्कांवर ठेवतात, येथे सोयीसाठी एकीवरच मानली आहे.) कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोहोंस हाच नियम लावून तिचा अंक काढता येतो.

आता असे समजा की, तार सैल झाल्यामुळे दुसरी डिस्क सोमवारी संचातून बाहेर पडली. काम थांबले नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आले नाही. मंगळवारी तिच्यावरील ३ ही नोंद बदलून १ करण्यात आली. डिस्क हजर नसल्याने हा बदल केवळ पडताळणी-संख्येत उतरला. ५ व १ यांची पडताळणी-संख्या ४ झाली. बुधवारी पहिली डिस्क बिघडली आणि संच बंद पडला.

तपासनीसाने तार नीट बसवली, दुसरी डिस्क चालू झाली, आणि तिला तिसरीबरोबर बळेच जोडून पहिलीच्या जागी नव्या डिस्कची पुनर्बांधणी केली, तर काय होईल? दुसरीवर अद्याप जुना ३ आहे आणि तिसरीवर नवा ४. या दोहोंवरून पहिल्या डिस्कचा अंक ७ येतो. खरा अंक ५ होता, आणि तो कोणी बदललेलाही नव्हता. कोणीही कधी न लिहिलेली नोंद अशा रीतीने नव्या डिस्कवर लिहिली जाते. याहून वाईट म्हणजे ७, ३ व ४ यांचा हिशेब नियमाप्रमाणे बरोबर जुळतो. त्यामुळे संचाची पडताळणी केली तरी ती निर्दोष ठरते, व डिस्कचे दिवेही हिरवेच राहतात. संच डिस्कांचा परस्पर मेळ पाहतो, मजकुराचा खरेपणा नव्हे.

लिनक्स प्रणालीत ही चूक टाळण्याचे साधन उपलब्ध आहे. प्रत्येक डिस्कवर संचातील घडामोडींचा क्रमांक व अखेरच्या नोंदीची वेळ लिहिलेली असते. ती पुढील आज्ञेने वाचता येते. या आज्ञेने डिस्कवर काहीही लिहिले जात नाही.

```
mdadm --examine /dev/sdb1 /dev/sdc1 /dev/sdd1 |
  grep -E '/dev/|Events|Update Time'
```

उदाहरणार्थ, तिसरीवर `Events` ८४१२, पहिलीवर ८४०९ आणि दुसरीवर ७९५० असे आढळल्यास दुसरी डिस्क शिळी आहे हे उघड होते. ती सुस्थितीत चालत असली तरी तिला बाजूस ठेवावे. अखेरीस बिघडलेली पहिली डिस्कच येथे उपयोगाची आहे. `ddrescue` या साधनाने तिची जेवढी वाचता येईल तेवढी नक्कल नव्या डिस्कवर घ्यावी, तिसरीचीही नक्कल घ्यावी, आणि केवळ या दोन नकलांवरून संच उभा करावा. तेव्हा ५ व ४ यांवरून दुसऱ्या डिस्कचा अंक १ येतो, आणि तोच खरा आहे. जे भाग नकलेत उतरले नाहीत त्यांतील मजकूर मात्र परत मिळत नाही.

संच जुळत नाही म्हणून `--create` ही आज्ञा देऊन तो नव्याने निर्माण करण्याचा मोह अनेकांना होतो. तीत शिळी डिस्क घेतली गेली, तर यंत्र लगेच चुकीच्या हिशेबाने एका डिस्कवर लिहू लागते आणि तिच्यावरील मूळ मजकूर पुसला जाऊ शकतो; डिस्कांचा क्रम किंवा खंडाचा आकार चुकला, तर मजकूर विस्कटलेला दिसतो. क्रम चुकल्याची एक खूण अशी की, फायलींची नावे दिसतात, एका खंडात मावणाऱ्या लहान फायली उघडतातही, परंतु मोठी छायाचित्रे व दप्तरे अर्ध्यावर विस्कटलेली निघतात. अशी खूण दिसताच यंत्र बंद करावे. पुनर्बांधणी जेथवर पोहोचली असेल त्यापुढील भाग अद्याप अबाधित असतो.