सोमवारी लिहिलेलं, गुरुवारी बोललेलं

मागच्या वेळी आपण बोलणं ही एक कृती आहे, इथवर आलो होतो. आता प्रश्न असा की, आधी लिहून वेळ लावून ठेवलेली जाहिरात नेमकी केव्हा ‘बोलली’ जाते? आमच्या मते, ती वाचणाऱ्यासमोर येते तेव्हा. लिहिणाऱ्याचा हेतू सोमवारचा असला तरी अर्थ गुरुवारचा असतो.

उदाहरण घेऊ. १९ जुलै २०२३, बुधवारच्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. आता कल्पना करा, एका ट्रेकिंग मंडळाच्या गुरुवारच्या तीन पोस्ट आधीच लावलेल्या आहेत. सकाळी ‘कोसळत्या पावसात चिंब भिजू या!’, दुपारी रेनकोटवर सवलत, संध्याकाळी रविवारच्या इर्शाळगड ट्रेकची जमण्याची वेळ.

बातमी कळताच आधी तिन्ही थांबवायच्या, वाचायच्या नंतर. उशीर झाला तर चार नावनोंदण्या कमी होतील. पण गेलेली पोस्ट परत येत नाही, तिचा स्क्रीनशॉट फिरतो. आणि एक बघा, फेसबुकवर वेळ लावलेल्या पोस्ट एका ठिकाणी असतात आणि पैसे भरून चालवलेल्या जाहिराती दुसऱ्या ठिकाणी. एक थांबवली म्हणून दुसरी थांबत नाही. चूक बहुतेक तिथेच होते.

मग एकेक वाचायची. पहिली काढूनच टाकावी लागेल. ‘कोसळत्या’ हा शब्द बदलून भागत नाही, कारण ज्या पावसाने माणसं गाडली त्याच पावसाच्या मजेचं ते आमंत्रण आहे. दुसरीत मोह होतो की वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहावं आणि खाली सवलत राहू द्यावी. हे सगळ्यात वाईट! तिथे दुःख म्हणजे मालाचं वेष्टन होतं. ती मुकाट्याने पुढे ढकलावी. तिसरीत मात्र गप्प राहणंच चूक ठरेल. माणसं पायथ्याशी येऊन उभी राहतील. ती नव्याने लिहायची : ट्रेक रद्द, पैसे परत मिळतील, त्या बाजूला जाऊ नका, रस्ता मदतकार्याला मोकळा ठेवा. बस्स. पुढची तारीख नको.

मग प्रत्येक दुर्घटनेला सगळ्यांनीच दुकान बंद ठेवायचं का? तर नाही. जागा, कारण किंवा वाचणारी माणसं, यांपैकी कशालाही आपली पोस्ट चिकटते का, एवढं पाहायचं. नाशिकच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाची शाळेच्या दप्तरांची पोस्ट त्या दिवशी गेली असती, तर आम्हाला तरी काही गैर वाटलं नसतं.

राहिला प्रश्न पुन्हा सुरू कधी करायचं. इथे दिवस मोजून भागत नाही. २३ जुलैला शोधकार्य थांबलं तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. म्हणजे शोध संपला, दुःख नाही. अशा वेळी दुसऱ्या गडांची, वाट आणि धोका सांगणारी साधी पोस्ट आधी जाऊ द्यावी. वाडीतली घरं दिसणारा जुना फोटो मात्र जाहिरातीत पुन्हा वापरू नये.