पडदा 'फायरप्रूफ' आहे म्हणजे नक्की काय?

मंडपासाठी पडद्याचं कापड घेताना दुकानदार म्हणतो, "फायरप्रूफ आहे, टेन्शन घेऊ नका." पण कापड फायरप्रूफ वगैरे नसतं. प्रक्रिया केलेलं कापड पेटायला वेळ लावतं आणि ज्योत बाजूला केली की विझतं, एवढंच.

सुती कापड थेट जळत नाही. उष्णतेने धाग्यातून ज्वलनशील वाफा निघतात आणि त्या पेट घेतात. सुती कापडासाठी जुना, स्वस्त उपाय म्हणजे टाकणखार आणि बोरिक पावडर (हो, कॅरमवर टाकतो तीच). तापल्यावर हे क्षार वितळून धाग्यावर काचेसारखा थर धरतात. मग वाफा कमी निघतात आणि कापड पेटण्याऐवजी काळं पडून कोळसा होतं.

समजा, पडदा कोरडा असताना १ किलो आहे. २ लिटर गरम पाण्यात २०० ग्रॅम टाकणखार आणि ८५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवायची. हातमोजे घालून पडदा त्यात नीट भिजवायचा, हलका पिळायचा आणि सावलीत वाळवायचा. पिळल्यावर पडद्यात साधारण त्याच्या वजनाइतकं द्रावण राहतं. त्यामुळे पूर्ण वाळल्यावर वजन १०० ते १२५ ग्रॅमने वाढलेलं दिसायला हवं. जेमतेम ३०-४० ग्रॅमच वाढलं असेल, तर जास्त पिळलंय. परत भिजवा.

आता चाचणी. आतल्या शिवणीतून सव्वा सेंटीमीटर रुंद, १० सेंटीमीटर लांब पट्टी कापा. मोकळ्या जागी, खाली लोखंडी घमेलं आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून पट्टी पकडीत उभी धरा. खालच्या टोकाला काडीची ज्योत १२ सेकंद लावा आणि बाजूला घ्या. पट्टी २ सेकंदांत विझली पाहिजे, आग वरपर्यंत चढता कामा नये आणि जळते थेंब पडून खाली पेटत राहता कामा नयेत. अमेरिकेतल्या NFPA 705 या चाचणीचे निकष असेच आहेत.

थेंबांकडे खास लक्ष द्या. पॉलिस्टर ज्योतीपासून वितळून मागे सरकतं, म्हणून पेटलं नाही असं वाटतं. पण जळता थेंब खालच्या सतरंजीवर पडला तर आग तिथे लागते. आणि वरचं द्रावण पॉलिस्टरमध्ये नीट मुरत नाही, त्यामुळे तिथे ते वापरून उपयोग नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र नंतर होते. हे क्षार पाण्यात विरघळतात. पडदा एकदा धुतला किंवा मंडप पावसात भिजला, की संरक्षण वाहून गेलं. कापड दिसतं तसंच, लेबलही तसंच! खात्री करायची असेल तर एक पट्टी पाण्यात खळबळून, वाळवून पुन्हा तीच चाचणी करा.

पट्टी नापास झाली तर ते कापड दिव्याजवळ, वायरिंगजवळ लावूच नका. पास झाली तरी ते प्रमाणपत्र नाही, कारण द्रावण सगळीकडे सारखं बसलेलं नसतं. म्हणून तीन-चार ठिकाणच्या पट्ट्या तपासा.