घासाघीस, पण हिंदीत!

नागपूरच्या माणसाला बाजाराची हिंदी कुणी शिकवावी लागत नाही. 1956 पर्यंत हे शहर मराठी आणि हिंदी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होते. त्यामुळे घरात मराठी आणि बाजारात हिंदी ही रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडली आहे. मौज अशी की, पुष्कळदा समोरच्या विक्रेत्याचीही हिंदी ही मायबोली नसते. संत्र्यांची पाटी घेऊन बसलेली बाई घरी छत्तीसगढी बोलते, कापडाच्या दुकानातले शेठजी घरी सिंधी बोलतात, आणि आपण दोघांशीही हिंदीतच भाव करतो. दोन्ही बाजूंनी भाषा उसनी असली की आकडे कळतात, पण शब्दांतला मऊपणा मात्र वाटेत सांडतो. भाव तुटतो तो कितीतरी वेळा पैशापायी नव्हे, तर शब्दापायी!

सर्वांत मोठी फसगत ‘तुम’ या शब्दाची. मराठीत ‘तुम्ही’ म्हटले की मान दिला गेला, म्हणून आपण निःशंकपणे ‘तुम कितने में दोगी?’ असे विचारतो. पण हिंदीत मानाचा शब्द ‘आप’ आहे. ‘तुम’ हा बरोबरीच्या माणसासाठी किंवा लहानासाठी. आणि ‘तू’? मराठीत आपण आईलाही ‘तू’ म्हणतो, पण हिंदीत अनोळखी विक्रेतीला ‘तू’ म्हणणे हा उघड अपमानच. नागपूरच्या बाजारात ‘तुम’ सर्रास चालते आणि त्यावर कुणी भांडत नाही, हे खरे. तरीपण आईच्या वयाच्या बाईला ‘अम्मा, आप कितने में देंगी?’ असे विचारून पाहा. तिच्या उत्तराचा सूरच बदलतो. तसेच ‘दो’ ऐवजी ‘दीजिए’, ‘दिखाओ’ ऐवजी ‘दिखाइए’ म्हणावे. एवढ्याने भाव उतरेलच असे नाही, पण बोलणे पुढे चालू राहते, आणि घासाघिशीत तेच अर्धे काम असते.

आता प्रत्यक्ष संत्री घेऊ. दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची फळे बाजारात येऊ लागतात. मृग बहाराची पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये. सुरवातीच्या फळांवर हिरवट छटा असते. ती पाहून ‘कच्चे हैं’ असा शेरा मारण्याची घाई करू नये. सालीला केशरी रंग चढतो तो रात्री गार पडू लागल्यावर, आणि त्याआधीही आतला रस गोड झालेला असू शकतो. म्हणून विक्रेती ‘हरा है, मगर मीठा है’ म्हणाली, तर ती थाप मारते आहे असे समजू नये. पारख करायची ती हाताने. आकाराच्या मानाने जड लागते ते फळ रसाळ. फुगून मोठे झालेले, साल आतल्या फोडींपासून सुटून पोकळ लागणारे आणि हाताला हलके ते बहुधा कोरडे. तेव्हा ‘जरा भारी वाले दीजिए’ एवढेच म्हणावे. ‘ये तो सडे हुए हैं’ म्हणजे तिच्या मालावर शिक्का मारणे. त्याऐवजी ‘ये दबा हुआ है, बदल दीजिए’ असे म्हटले की ती मुकाट्याने बदलून देते. येथे आणखी एक मराठी खोड आड येते. ढिगातली तळची फळे हवी असली की आपण बोलून जातो, ‘खाली वाले दिखाइए.’ हिंदीत ‘खाली’ म्हणजे रिकामे! तेथे ‘नीचे वाले’ म्हणावे.

भाव विचारण्याचे वाक्य ‘कितने के हैं?’ एवढे पुरे. पण कमी करायला सांगायचे असेल, तर ‘लगाना’ हे क्रियापद फार कामाचे आहे. ‘कम करो’ हा हुकूम झाला. ‘ठीक लगाइए’ ही विनंती झाली. उदाहरणादाखल असा सौदा धरू:

‘अम्मा, दर्जन का क्या भाव है?’
‘एक सौ बीस.’
‘दो दर्जन लूँगी, ठीक लगाइए.’
‘आप ही बोलिए.’
‘पौने दो सौ ले लीजिए.’
‘नहीं बहनजी, सवा दो सौ.’
‘चलिए, दो सौ. न आपकी बात, न मेरी.’

यात आधी गोष्ट पाहण्यासारखी आहे ती ही की, बाईंनी आकडा बोलण्याआधी दोन डझन घेणार हे सांगितले. भाव कमी करायला विक्रेतीला कारण लागते आणि जास्त माल हे तिला पटणारे कारण आहे. सांगितलेल्या भावाने दोन डझनांचे 240 झाले असते. पौने दो सौ म्हणजे आपले पावणेदोनशे, 175. सवा दो सौ म्हणजे सव्वादोनशे, 225. दोघींच्या बरोबर मधला आकडा दोनशे, म्हणून तो दोघींनाही बोचत नाही. आकड्यात गोंधळ वाटला, तर ‘यानी दो सौ पचीस?’ असे विचारून घ्यावे. त्यात काही कमीपणा नाही.

आता थांबायचे कोठे? विक्रेतीने सकाळी घाऊक बाजारातून माल आणलेला असतो आणि त्या किमतीच्या खाली ती जाऊ शकत नाही. ही सीमा आली की ती ‘पडता नहीं है’ म्हणते, म्हणजे परवडत नाही. एकदा म्हटले तर तो घासाघिशीचा भाग असेल. पण तेच वाक्य ती दुसऱ्यांदा म्हणाली आणि आकडा सोडून फळे रचू लागली, तर समजावे की तळ लागला. त्यापुढे ओढणे म्हणजे तिच्या दिवसाच्या कमाईत हात घालणे. संध्याकाळी उरलेला माल काढायचा असतो, तेव्हा तीच बाई आपण होऊन खाली येते. सकाळी मात्र तशी अपेक्षा धरू नये. त्यातही पहिली विक्री, आपण जिला भवानी म्हणतो आणि ती बोहनी म्हणते, व्हायची असेल, तर घ्यायचे नसताना भाव करूच नये. पहिले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतणे तिला अपशकुनाचे वाटते.

आणि सौदा जमलाच नाही तर? मराठी ‘नको’ सौम्य असते, पण त्याचे शब्दशः केलेले ‘नहीं चाहिए’ घासाघीस झाल्यावर तोडून टाकल्यासारखे लागते. परत येण्याची शक्यता असेल तर ‘जरा देखकर आती हूँ’, नसेल तर ‘रहने दीजिए, फिर कभी’ असे म्हणून निघावे. मात्र निघता निघता आपण बोललेला आकडा मागे उरतो. चार पावले गेल्यावर ‘अच्छा, ले जाइए’ अशी हाक आली, तर त्या भावाने माल घ्यायलाच हवा. तेव्हा ‘अब नहीं’ म्हणणे बाजारात फार वाईट दिसते. म्हणून द्यायची तयारी नाही, तो आकडा तोंडातून काढूच नये. हा नियम दोन्ही भाषांत सारखाच आहे.