सेक्रेटरींना पत्र: बाथरूमच्या छताला ओल आल्यावर

बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकू लागलं की सोसायटीला जाणारं पहिलं पत्र बहुतेक एकाच पठडीतलं असतं. ‘वरच्या मजल्यावरील सभासदांच्या बाथरूममधून आमच्याकडे गळती होत आहे, वारंवार सांगूनही ते दुरुस्ती करत नाहीत, तरी त्यांच्यावर तातडीने कारवाई करावी.’ सेक्रेटरी ते पत्र वरच्या घरी पाठवतात. वरचे लिहून देतात की आमची फरशी कोरडी आहे, मागच्याच वर्षी टाइल्स बदलल्या आहेत, गळती दुसरीकडून असणार. मग सेक्रेटरी म्हणतात, हा तुमचा दोघांचा आपसातला प्रश्न, सोसायटी त्यात काय करणार? इथे प्रकरण महिनोन् महिने अडकतं आणि एकाच जिन्यातल्या दोन घरांचं बोलणं बंद होतं.

या पत्रात निकाल आहे, माहिती नाही. छत ओलं आहे एवढंच खालच्या माणसाने पाहिलेलं असतं. पाणी कुठून येतंय हे त्याला माहीत नसतं, आणि बऱ्याचदा वरच्यांनाही खरोखरच माहीत नसतं. म्हणून पहिल्या पत्रात कारवाई मागू नये, तपासणी मागावी. तपासणी करणं हे सेक्रेटरींचं काम आहे आणि उपविधींनी त्यांना तसा अधिकारही दिला आहे.

आधी छताच्या वर काय असतं ते पाहू. आपल्याकडच्या बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला सनकन स्लॅब म्हणतात. या खोलगट भागात सांडपाण्याचे पाइप आणि न्हाणी ट्रॅप बसवतात, तळाला आणि बाजूंना वॉटरप्रूफिंग करतात, विटांचे तुकडे आणि सिमेंटचा कोबा भरतात आणि वर फरशी बसवतात. फरशीचे सांधे उघडे पडले, ट्रॅपचा जोड सुटला किंवा भिंतीतल्या कन्सिल्ड पाइपला चीर गेली की पाणी या भरावात साचत राहतं. वॉटरप्रूफिंग एखाद्या ठिकाणी फुटलेलं असेल तर तिथून ते खाली झिरपतं. त्यामुळे वरची फरशी कोरडी ठणठणीत आणि खालचं छत ओलं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. वरचे सभासद खोटं बोलत नसतात. भराव एकदा पाण्याने भरला की वरचा वापर पूर्ण थांबवल्यावरही काही दिवस खाली ठिबकत राहतं, हेही लक्षात ठेवायला हवं. जुन्या काही इमारतींत सनकन स्लॅब नसतोच. वरच्यांचे पाइप खालच्या बाथरूमच्या छताखाली लटकलेले असतात आणि आपण ते फॉल्स सीलिंगने झाकलेले असतात. अशा घरात पत्र लिहिण्याआधी ते सीलिंग उघडून जोड पाहावेत.

पत्रात लिहायची खरी माहिती खालच्या घरातच मिळते. पाणी दिवसरात्र एकाच गतीने ठिबकत असेल तर संशय दाबाखालच्या पाइपवर, म्हणजे नळांच्या किंवा गीझरच्या लाइनवर जातो. सकाळच्या आंघोळींनंतर वाढून रात्री कमी होत असेल तर सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे ट्रॅप, त्याचे जोड किंवा फरशीचे सांधे यांच्याकडे पाहावं लागतं. ओल डक्टच्या भिंतीलगत असेल तर सोसायटीचा सामाईक पाइप तपासायला हवा. फक्त पावसाळ्यात दिसत असेल तर बाहेरची भिंत. हे ठोकताळे आहेत, पुरावा नव्हे, पण तपासणी कुठून सुरू करायची ते त्यातून कळतं. आठवडाभर वेळा टिपाव्यात, डागाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख घालावी आणि रोज एकाच जागेवरून फोटो घ्यावा. रेघेच्या बाहेर सरकलेला डाग पाहिल्यावर ‘जुनीच ओल असेल’ असं कुणी म्हणत नाही.

आता जबाबदारी कुणाची ते पाहू. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी आहे. पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेज लाइनची गळती, बाहेरच्या भिंती आणि छतांची संरचनात्मक दुरुस्ती त्यात येते. शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च मात्र संबंधित सदनिकाधारकांवर टाकलेला आहे. ‘आपसातला प्रश्न’ म्हणणारे सेक्रेटरी या दुसऱ्या भागावर बोट ठेवतात. पण गळती अंतर्गत आहे की सामाईक, हे ठरवणार कोण? त्यासाठी सदनिकांच्या तपासणीचा वेगळा उपविधी आहे. पूर्वसूचना देऊन सेक्रेटरींनी कमिटीच्या आणखी एका सदस्यासह सदनिकेत जावं, पाहणी करावी आणि कोणती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व कोणती सभासदाच्या खर्चाने करायची याचा अहवाल कमिटीला द्यावा, असं तो सांगतो. सभासदाने त्यांना आत येऊ देणं बंधनकारक आहे. खर्च कुणाचाही निघो, तपासणी सोसायटीचीच. उपविधींच्या आवृत्तीनुसार क्रमांक बदलतात, त्यामुळे आपल्या सोसायटीची नोंदणीकृत प्रत उघडून त्यातला क्रमांक पत्रात घालावा.

यावरून पत्र साधारण असं होतं:

‘मा. सचिव,
विषय: सदनिका क्र. 302 च्या बाथरूमच्या छतातील गळतीची तपासणी होणेबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार.
माझ्या सदनिकेतील बाथरूमच्या छतावर दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात, डक्टच्या भिंतीपासून सुमारे 3 फुटांवर ओल आली आहे. सकाळी 8 नंतर थेंब पडू लागतात, दुपारपर्यंत पडत राहतात आणि रात्री बहुतेक थांबतात. ओलीचा डाग आठवड्यात साधारण वीतभर वाढला आहे. एका ठिकाणी प्लास्टर पोकळ वाजत आहे. गीझरचा पॉइंट डागाजवळ असल्याने आम्ही त्याचा वापर बंद केला आहे. तारखांसह फोटो सोबत जोडले आहेत.

गळतीचे कारण मला निश्चित माहीत नाही. ते शोधण्यासाठी आपण समिती सदस्य व प्लंबर यांच्यासह माझी व सदनिका क्र. 402 ची पाहणी करावी, ही विनंती. पाहणीनंतर दुरुस्ती कोणी व कोणाच्या खर्चाने करायची याबाबतचा अहवाल समितीपुढे ठेवून त्याची प्रत मला द्यावी. माझ्या घरी कोणत्याही दिवशी सकाळी 8 ते 10 या वेळेत पाहणी करता येईल. येत्या 7 दिवसांत तारीख कळवावी.

402 मधील सभासदांशी माझे बोलणे झाले असून या पत्राची प्रत त्यांनाही देत आहे.
आपला विश्वासू’

‘कारण मला निश्चित माहीत नाही’ हे वाक्य लिहायला अनेकांना जड जातं, पण पत्रातलं तेच सगळ्यात उपयोगी वाक्य. वरच्या कुटुंबाला ते वाचून बचावाला उभं राहावं लागत नाही. गीझरचा उल्लेखही मुद्दाम आहे. ओलीजवळचा विजेचा पॉइंट जिवावर बेतू शकतो, आणि तो पत्रात असला की ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू’ म्हणणं अवघड होतं. पत्र सोसायटीच्या ऑफिसात देऊन आवक क्रमांक आणि सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज ही तक्रार नव्हे. तिथे वरच्यांची शोभा होते आणि काम पुढे सरकत नाही.

तपासणी कशी होते ते वरच्या पत्रातल्या दोन घरांवरूनच पाहू. आधी रात्रभर 402 च्या बाथरूमचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा. समजा, तरीही सकाळी थोडं ठिबकतंच आहे. म्हणजे नळाच्या लाइनवरचा संशय कमी झाला, मिटला नाही, कारण भरावात साठलेलं पाणी उतरत असू शकतं. म्हणून पुढची पायरी. ट्रॅपचं तोंड घट्ट बंद करून फरशीवर इंचभर पाणी भरायचं आणि ते किमान 24 तास तसंच ठेवायचं. पाण्याची पातळी उतरली नाही आणि खाली ठिबकणं वाढलं नाही, तर फरशीचे सांधे बहुधा शाबूत आहेत. मग ट्रॅप उघडून थेट त्यातच बादलीभर रंगीत पाणी ओतायचं, खाण्याचा गडद रंग घातलेलं. खाली कोपऱ्यात रंग उतरला की ट्रॅपचा जोड सापडला. रंग दिसायला एखादा दिवसही लागतो, म्हणून तासाभरात ‘काही नाही’ म्हणून उठू नये.

असा निकाल लागला तर दुरुस्ती आटोपशीर होते. ट्रॅपभोवतीच्या थोड्या फरश्या काढायच्या, ट्रॅप आणि जोड बदलायचा, तेवढ्या भागात पुन्हा वॉटरप्रूफिंग करायचं आणि फरशी बसवण्याआधी पाणी भरून परत चाचणी घ्यायची. तपासणी न करता आलेले कंत्राटदार सहसा दोनच उपाय सुचवतात: वरचं अख्खं बाथरूम फोडा, नाहीतर खालून केमिकल मारा. पहिल्याचा खर्च वरच्यांना गरजेपेक्षा मोठा पडतो. दुसऱ्याने पाण्याचा उगम बंद होत नाही, पाणी दुसरी वाट शोधतं आणि स्लॅबमधल्या सळया गंजत राहतात. प्लास्टर पडून गंजलेली सळई दिसू लागली असेल तर प्रश्न दोन सभासदांपुरता उरत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवण्याची मागणी पत्रात वेगळ्या परिच्छेदात करावी.

सोसायटीने उत्तरच दिलं नाही, तर पहिल्या पत्राच्या पोचेचा उल्लेख करून दुसरं पत्र द्यावं आणि मग उपनिबंधकांकडे जावं. मात्र त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. गळती आणि अंतर्गत दुरुस्तीचे वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जातात आणि तिथे वेळ लागतो. न्यायालयासमोरही पोच, तारखांचे फोटो आणि तपासणीचा अहवाल हीच कागदपत्रं उपयोगी पडतात. अहवाल नसेल तर आधी तोच मागितला जाण्याची शक्यता मोठी.

वरचं काम संपलं की खालचं छत लगेच रंगवून घेऊ नये. भरावातलं आणि स्लॅबमधलं पाणी उतरायला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. पेन्सिलची रेघ तशीच ठेवावी आणि डाग आत सरकतोय का ते पाहावं. तो पूर्ण वाळला, पोकळ प्लास्टर काढून टाकलं, की मग नवं प्लास्टर आणि रंग. या खर्चाचं काय करायचं तेही अहवालातच लिहून घ्यावं, कारण काम उरकल्यावर तो विषय काढला की बोलणं पुन्हा बंद होतं.