प्लेटची लांबी: रिव्हेटच्या काळापासून आजपर्यंत

सपाट प्लेट वाकवून गोल शेल करायचे, तर ती किती लांब कापायची? गेली शंभराहून अधिक वर्षे या प्रश्नाचे उत्तर एकच आहे: सरासरी व्यास गुणिले पाय. प्लेट वाकते तेव्हा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो, आतला दाबला जातो आणि मधोमध असलेला थर आपली लांबी टिकवून ठेवतो. त्या थराचा व्यास म्हणजे आतला व्यास अधिक एक जाडी. आतला व्यास १००० मिमी आणि प्लेट १२ मिमी असेल, तर सरासरी व्यास १०१२ आणि लांबी ३१७९.३ मिमी. हाच हिशोब आतल्या व्यासावर केला तर ३१४१.६ येतात, म्हणजे प्लेट ३७.७ मिमी आखूड पडते. ही तूट जाडीच्या ३.१४ पट असते. शेल लहान असो वा मोठे, ती तेवढीच राहते. या काळाचा मागोवा घेतला की दिसते ते असे: सूत्र कधी बदलले नाही, बदलत गेली ती त्यात करावी लागणारी अधिक-उणे. ही अधिक-उणे सूत्रात मिसळली की घोटाळा होतो.

रिव्हेटच्या बॉयलरमध्ये ही अधिक-उणे मोठी होती. उभ्या सांध्यात प्लेटचे एक टोक दुसऱ्यावर चढत असे, म्हणून त्या चढाव्याची रुंदी लांबीत धरावी लागे. शेलची कडीही एक आत, एक बाहेर अशी बसवली जात. बाहेरच्या कड्याचा सरासरी व्यास आतल्याहून दोन जाड्यांनी मोठा, म्हणून १२ मिमीच्या प्लेटला बाहेरचे कडे ७५.४ मिमी लांब कापावे लागे. शिवाय चढाव्याच्या सांध्यामुळे शेल खरे गोल राहत नसे. दाब चढला की सांध्यालगत प्लेट वाके आणि चढाव्याखाली झाकलेली चीर वाढत जाई. १९०५ साली अमेरिकेत ब्रॉकटनच्या बूट कारखान्यात बॉयलर फुटून ५८ जण मेले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे नियम केले आणि पुढे १९१४ ची एएसएमई संहिता आली. टोकाला टोक भिडवून वर पट्टी लावण्याची पद्धत, आणि नंतर वेल्डिंग, रूढ झाल्यावर चढावा गेला आणि सूत्र जवळजवळ उघडे उरले.

वेल्डिंगने मात्र चुकीला जागा ठेवली नाही. शेलला डिश एंड जोडताना दोन्ही कडा समोरासमोर याव्या लागतात. वरच्या उदाहरणातले शेल आतल्या व्यासाच्या हिशोबाने कापले, तर त्याचा आतला व्यास ९८८ होतो आणि १००० च्या डिश एंडशी सगळीकडे ६ मिमीची पायरी पडते. एएसएमईच्या प्रेशर व्हेसल संहितेत या जाडीला एक चतुर्थांश, म्हणजे ३ मिमीपर्यंतच सूट आहे. म्हणून टॅक मारल्यावर, पूर्ण वेल्डिंगपूर्वी, बाहेरून टेप फिरवून परीघ ३२१७ मिमी भरतो का ते पाहावे. टेपची स्वतःची जाडीही यात येते: ०.२ मिमीचा टेप ०.६ मिमी जास्त दाखवतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: न ताणला-दाबला जाणारा थर नेमका मध्यावर नसतो, तो आत सरकतो. हे खरे आहे, पण प्रेस ब्रेकवरच्या तीव्र वाकाबद्दल, जिथे आतली त्रिज्या जाडीएवढीच असते. आपल्या शेलची त्रिज्या जाडीच्या चाळीसपटीहून जास्त आहे. तिथे सरकणे नगण्य ठरते. संगणकीय आराखडे आल्यापासून तीव्र वाकाचा हिशोब शेलला लावण्याची चूक नव्याने शिरली. पत्र्याच्या कामासाठी ठेवलेला ०.३३ चा के-फॅक्टर तसाच राहिला, तर लांबी ३१६६.५ येते, म्हणजे १२.८ मिमी कमी, आणि व्यास ४ मिमीने घटतो. रोलिंगसाठी तो ०.५ हवा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जाड प्लेट रोलमधून पुन्हापुन्हा फिरली की थोडी लांबते, वेल्ड थंड होताना आक्रसतो, रूट गॅप सोडावा लागतो आणि तीन रोलच्या मशीनवर दोन्ही टोके सपाट राहतात. मग अचूक सूत्राचा उपयोग काय? पण यातली एकही गोष्ट सरासरी व्यासाला हात लावत नाही. रूट गॅप २ मिमी असेल तर तो ३१७९.३ मधून वजा होतो आणि ३१७७.३ उरतात, आक्रसण्यापोटीची भर त्यात वेगळी. टोके आधी वाकवायची नसतील, तर दोन्हीकडे जादा माल ठेवून रोलिंगनंतर तो कापायचा. प्लेट प्रत्यक्षात १२.५ मिमी भरली, तर आतला व्यास कायम ठेवून लांबी १.६ मिमी वाढते. कटिंगच्या कागदावर आधी सरासरी व्यासाची लांबी आणि तिच्याखाली प्रत्येक वाढ-घट वेगळ्या ओळीत लिहिली, तर टेपवर फरक दिसताच कोणती ओळ चुकली ते शोधता येते. अंदाजाने व्यासच दोन मिमी वाढवून धरला, तर शेल जुळले तरी ते का जुळले हे कळत नाही आणि पुढच्या जाडीला तोच अंदाज फसतो.