दोन रेघांमधले चार तास

प्रसूतिगृहात कळा देत असलेल्या बाईच्या केसपेपरला एक चौकटींचा कागद जोडलेला असतो. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. वरच्या भागात बाळाच्या हृदयाचे ठोके, मधोमध पिशवीचं तोंड किती उघडलं त्याच्या फुल्या, खाली कळा, आणि तळाशी आईची नाडी, रक्तदाब, ताप. मधल्या भागात डावीकडून उजवीकडे चढत जाणाऱ्या दोन तिरप्या समांतर रेघा आधीच छापलेल्या असतात. पहिली अलर्ट लाइन, दुसरी ॲक्शन लाइन. दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर. हे चार तास कुठून आले ते कळलं, की सगळा कागद वाचता येतो.

ते आले आफ्रिकेतून. आजच्या झिम्बाब्वेची राजधानी हरारे त्या काळी सॉल्झबरी या नावाने ओळखली जायची. तिथल्या रुग्णालयात फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांपुढे रोजचा प्रश्न होता तो दूरच्या दवाखान्यांतून उशिरा येणाऱ्या, अडलेल्या बाळंतिणींचा. दवाखान्यात डॉक्टर नसायचा, सुईण-परिचारिका असायची. बाळंतपण लांबतंय हे तिला वेळेत कळावं आणि बाईला हलवायला पुरेसा अवधी मिळावा, एवढंच त्यांना साधायचं होतं. पिशवीचं तोंड कसं उघडत जातं याचा आलेख न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रिडमन यांनी १९५४ साली मांडला होताच. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी त्या आलेखावर रेघा ओढल्या. पहिलटकरणींपैकी ज्या सर्वांत मंद गतीने पुढे सरकतात अशा दहा टक्क्यांचा वेग त्यांनी धरला, ताशी एक सेंटीमीटर. ती अलर्ट लाइन. तिच्या उजवीकडे चार तासांवर ॲक्शन लाइन. मधला अवधी मुख्यतः प्रवासासाठी ठेवलेला होता.

म्हणून अलर्ट लाइन ओलांडली याचा अर्थ लहान आरोग्य केंद्रात एक आणि मोठ्या रुग्णालयात दुसरा होतो. जिथे सिझेरियनची सोय आहे तिथे या क्षणी डॉक्टरने येऊन बाईला तपासायचं असतं. कळा पुरेशा आहेत का, लघवीची पिशवी भरलेली तर नाही, बाळाचं डोकं खाली सरकतंय का, हे पाहायचं आणि लक्ष अधिक बारीक ठेवायचं. केवळ ही रेघ ओलांडली म्हणून शस्त्रक्रिया करायची नसते. जिथे ती सोय नाही तिथे मात्र ही हलवण्याचीच वेळ असते. भारत सरकारच्या एएनएम आणि परिचारिकांसाठीच्या सूचनाही हेच सांगतात. ॲक्शन लाइन येईपर्यंत बाई सिझेरियन होऊ शकणाऱ्या रुग्णालयात पोचलेली असायला हवी.

एक उदाहरण घेऊ. सुनंदा हे नाव उदाहरणापुरतं. सातपुड्यातलं एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांपुढे आणा. सुनंदा एकवीस वर्षांची पहिलटकरीण आहे, रात्रीपासून कळा सुरू आहेत, सकाळी दहा वाजता ती केंद्रात आली. सिस्टरने तपासलं. पिशवीचं तोंड ४ सेंटीमीटर उघडलेलं, दहा मिनिटांत तीन कळा, प्रत्येक साधारण ३० सेकंदांची. बाळाचे ठोके १४०, पाण्याची पिशवी शाबूत. पोटावरून चाचपलं तर डोक्याचे पाचपैकी चार भाग अजून वर लागताहेत. सिस्टर पहिली फुली थेट अलर्ट लाइनवर, चारच्या पातळीला मारते आणि तिच्याखाली घड्याळातली वेळ लिहिते, दहा. डोक्यासाठी वेगळा गोल काढते.

आता कागदाचं वेळापत्रक सुरू होतं. बाळाचे ठोके, कळा आणि आईची नाडी दर अर्ध्या तासाने. रक्तदाब, ताप आणि आतली तपासणी दर चार तासांनी, तशी गरज दिसली तर आधीही. कळांचे चौकोन भरायची पद्धत नजरेला सोपी आहे. दहा मिनिटांत जितक्या कळा तितके चौकोन. वीस सेकंदांपेक्षा छोट्या कळेला ठिपके, वीस ते चाळीस सेकंदांच्या कळेला तिरप्या रेघा, त्याहून लांब असेल तर चौकोन पूर्ण काळा. जोर वाढतोय की ओसरतोय हे न वाचताच दिसतं.

दुपारी दोनला पुन्हा तपासणी. तोंड ६ सेंटीमीटर उघडलंय. ठोके १४४, पाणी फुटलंय पण स्वच्छ आहे, कळा तीनच, डोकं पाचपैकी तीन भाग वर. सुनंदाकडे पाहून कुणालाही वाटेल की सगळं ठीक चाललंय. ती बोलते आहे, दोन घोट चहा घेतला आहे, प्रगतीही झाली आहे. फुली मात्र वेगळं सांगते. अलर्ट लाइन सहाच्या पातळीला बारा वाजताच पोचली होती आणि दोन वाजता ती आठवर आहे. म्हणजे फुली रेघेच्या उजवीकडे दोन तास सरकली. ॲक्शन लाइन सहाच्या पातळीला येते ती चार वाजता. हातात उरले दोन तास.

आता हिशेब अंतराचा. १०८ ची गाडी यायला अर्धा तास, घाटातून उपजिल्हा रुग्णालयापर्यंत सव्वा तास. दोनला फोन केला तर सुनंदा पावणेचारला तिथे असेल. म्हणून सिस्टर त्याच वेळी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगते, रुग्णालयात फोन करते आणि सोबत जाणाऱ्या नातेवाइकाला बोलावून घेते. गाडी येईपर्यंत सुनंदाला लघवीला पाठवायचं, पातळ पदार्थ द्यायचे, कुशीवर झोपवायचं किंवा चालू द्यायचं, आणि ठोके ऐकत राहायचं.

आता तीच बाई, तोच कागद, पण निर्णय दुसरा. 'दोन सेंटीमीटर तर वाढलंय, पुढची तपासणी नियमाप्रमाणे सहाला करू.' सहाला ७ सेंटीमीटर निघतं. त्या वेळी ॲक्शन लाइन आठवर असते, म्हणजे तीही ओलांडली गेली. गाडी आता बोलावली तर रुग्णालय गाठायला आठ वाजायला आले. चार तासांनी तपासणी हा नियम सुरळीत चाललेल्या बाळंतपणासाठी आहे. अलर्ट लाइन ओलांडल्यावर तो लागू राहत नाही. ही गफलत फार ठिकाणी होते आणि ती करणाऱ्याला आपण नियम पाळतोय असंच वाटत असतं.

दुसरी चूक पहिल्या फुलीची. समजा एखादी बाई आली तेव्हाच ६ सेंटीमीटर आहे. फुली अलर्ट लाइनवर, सहाच्या पातळीला पडायला हवी, आणि आलेली वेळ त्या फुलीखाली लिहायला हवी. पण पुष्कळदा ती कागदाच्या डाव्या कडेला, शून्य तासाच्या रकान्यात मारली जाते. 'आत्ता आली, म्हणजे इथून सुरुवात.' तिथे सहाची फुली रेघेच्या डावीकडे दोन तास पडते, आणि बाईला दोन तास फुकटचे मिळतात. ती सहावरच अडली तर चार तासांनंतर बरोबर भरलेला कागद तिला ॲक्शन लाइनवर दाखवेल. चुकीचा कागद मात्र तिला अजून मधल्या पट्ट्यातच दाखवत राहील.

याच्या उलट चूकही होते. दोन-तीन सेंटीमीटरवरच तक्ता सुरू केला, तर संथ चालणाऱ्या सुरुवातीच्या कळाच रेघ ओलांडून विनाकारण घाबरवतात. आणि 'दोन बोटं उघडलंय' असं माप तोंडी चालतं खरं, पण बोटं प्रत्येकाची वेगळी. कागदावर सेंटीमीटरच लागतो.

तिसरी चूक म्हणजे बाळ झाल्यावर निवांत बसून कागद भरणं. असा कागद ओळखू येतो. सगळ्या नोंदी एका दमात, एकाच शाईत. ठोके दर वेळी १४०, नाडी दर वेळी ८०, आणि फुल्या अलर्ट लाइनवर मोजून ठेवल्यासारख्या सरळ. खऱ्या बाळंतपणात ठोके थोडे खालीवर होतात, फुल्या कधी पुढे कधी मागे पडतात. एका परिचारिकेवर तीन-तीन खाटा असल्या की दर अर्ध्या तासाची नोंद का सुटते, हे समजू शकतं. तिथे मनुष्यबळ वाढवणं हेच उत्तर आहे. पण मागाहून भरलेल्या कागदाने त्या बाईला काहीही मदत केलेली नसते.

रेघांखेरीज काही नोंदी अशा आहेत की त्या दिसल्या तर फुली कुठे आहे हे पाहत बसायचं नाही. बाळाचे ठोके मिनिटाला १२० च्या खाली किंवा १६० च्या वर गेले, तर कुशीवर वळवून पुन्हा ऐकायचं आणि तसेच राहिले तर डॉक्टरला बोलवायचं किंवा बाईला हलवायचं. पाणी हिरवट, घट्ट आलं, म्हणजे बाळाने आत शी केली आहे. रक्तदाब १४०/९० किंवा जास्त, ताप, अंगावरून ताजं रक्त. आणि सर्वांत फसवी खूण ही, की कळा जोरदार आहेत पण डोकं खाली येत नाही. अशा वेळी कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं, विशेषतः आधी बाळंतपणं झालेल्या बाईला, तर गर्भाशय फाटू शकतं. साध्या केंद्रात त्या इंजेक्शनने कळा वाढवायला मनाई आहे ती यासाठीच.

रेघांची उपयुक्तता जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रमाणावर तपासली. इंडोनेशिया, मलेशिया आणि थायलंडमध्ये पस्तीस हजारांहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास झाला आणि १९९४ मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला. पार्टोग्राफ आणि त्यासोबत काय करायचं याचे ठरलेले नियम आल्यावर अठरा तासांहून लांबलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली. नियम सोबत होते, हे इथे महत्त्वाचं आहे.

पुढे या रेघेवरही शंका आल्या. अनेक स्त्रियांचं तोंड पाच सेंटीमीटरपर्यंत ताशी एकपेक्षा हळू उघडतं आणि तरीही आई-बाळ ठणठणीत असतात. अशा बायकांना उगाच इंजेक्शन आणि शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागत होतं. म्हणून २०२० मध्ये संघटनेने 'लेबर केअर गाइड' हा नवा तक्ता आणला. तो पाच सेंटीमीटरपासून सुरू होतो आणि त्यात तिरपी रेघ नाही. प्रत्येक पातळीला वेगळी मुदत आहे. पाचवर सहा तास, सहावर पाच, सातवर तीन, आठवर अडीच, नऊवर दोन. तेवढ्या वेळात पुढे सरकलं नाही तर ती नोंद धोक्याची धरून वरिष्ठांना कळवायचं. आपल्याकडे बऱ्याच प्रसूतिगृहांत अजून रेघांचाच तक्ता आहे. जो कागद हातात असेल त्याचेच नियम पाळावेत. एकाची मुदत आणि दुसऱ्याची रेघ अशी सरमिसळ केली की दोन्ही निरुपयोगी होतात.

बाईला हलवताना पार्टोग्राफ तिच्यासोबत गाडीत जायला हवा. चिठ्ठीवर नुसतं 'प्रगती नाही' लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून तपासावं लागतं. कागद सोबत असला की गेल्या काही तासांत काय झालं ते त्याला मिनिटभरात दिसतं. आणि घरच्या मंडळींसाठी एक विनंती. सिस्टर 'आता हलवायला हवं' म्हणते तेव्हा बाई बहुधा बरीच बरी दिसत असते, म्हणून 'अजून तासभर थांबू या' असं वाटतं. तो तास त्या चार तासांतूनच वजा होतो. तेव्हा वाद न घालता गाडीत बसा.